भर उन्हाळ्यातला स्लॅब आणि अर्ध्यात बंद पडलेला मिक्सर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, गिरणेच्या पट्ट्यात, खाली दुकानं आणि वर राहणं अशी दुमजली इमारत चालू होती. ओळख पटू नये म्हणून गावाचं, मालकाचं आणि ठेकेदाराचं नाव इथे दिलेलं नाही. मी मालकाच्या बाजूने देखरेख करत होतो. साइट इंजिनियर ठेकेदाराचा होता आणि स्ट्रक्चरल इंजिनियर जळगावला बसत होते.

इमारत १५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. लांबीत ३.७५ मीटरचे चार गाळे, रुंदीत ४ मीटरचे तीन. स्लॅबची जाडी १२५ मिलिमीटर. स्लॅबचं काँक्रीट साधारण साडेबावीस घनमीटर आणि खाली लोंबणाऱ्या बीमचं साडेनऊ, असं मिळून ३२ घनमीटर. ग्रेड एम२०, सिमेंट पीपीसी. प्रमाण १:१॥:३ असल्याने घनमीटरला आठ गोण्या, म्हणजे २५६ गोण्या सिमेंट एका दमात ओतायचं होतं.

दिवस चैत्र सरतीचे. दुपारी पारा ४३ च्या आसपास जायचा आणि दहानंतर कोरडा वारा सुटायचा. त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार-पाच दिवसांवर आली होती. सेंट्रिंगवाले, गवंडी आणि सातपुड्याकडून आलेली मजूर कुटुंबं सणाला घरी निघाली की आठ-दहा दिवस परत यायची नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. सेंट्रिंगचं भाडं मात्र चालूच राहणार होतं. त्यामुळे मालकाला आणि ठेकेदाराला, दोघांनाही स्लॅब आखाजीच्या आधी हवा होता.

अडचण काय होती

ठेकेदाराने दिलेलं पहिलं मेथड स्टेटमेंट दीड पानाचं होतं. एक मिक्सर, एक लिफ्ट, दोन नीडल व्हायब्रेटर, सकाळी सातला सुरुवात, संध्याकाळपर्यंत संपवणे. असं पत्रक हिवाळ्यात चालून जातं. इथे त्यातला फक्त वेळेचा हिशोब घातला आणि ते मोडलं.

एका गोणीच्या मिक्सरमध्ये माल नीट दोन मिनिटं फिरवायचा, हॉपर भरायचा, ओतायचा म्हटलं की एका खेपेला तीन मिनिटं लागतात. तासाला वीस खेपा, म्हणजे अडीच घनमीटर. ३२ घनमीटरला तेरा तास. सातला सुरू केलं तर रात्रीचे आठ, आणि मधले सहा-सात तास भर उन्हात.

पण खरा प्रश्न एकूण तासांचा नव्हता, कडेचा होता. काँक्रीट इमारतीच्या १२ मीटर रुंदीभर, पट्ट्यापट्ट्याने पुढे सरकतं. आज जिथे काँक्रीटची कड आहे तिला लागून नवं काँक्रीट किती वेळात येतं, यावर सांधा एकजीव होतो की नाही ते ठरतं. बीमसकट एक मीटर रुंद पट्टीला साधारण २.१ घनमीटर लागत होतं. एका मिक्सरवर ती पट्टी भरायला पन्नास मिनिटं, दोनवर पंचवीस. चाळीसच्या वरच्या तापमानात, वारा असताना, पन्नास मिनिटांनी कडेचं काँक्रीट इतकं ओढलेलं असतं की नीडल घातली तर भोक तसंच राहतं, बुजत नाही. तेच कोल्ड जॉइंट. वरून गिलावा केला की दिसत नाही, पहिल्या पावसात मात्र खालून ओल दाखवतो.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय रेडीमिक्सचा. जवळचा प्लँट पन्नास किलोमीटरपेक्षा लांब, रस्त्यावर दोन ठिकाणी काम चालू. गाडीत माल भरल्यापासून दोन तासांच्या आत तो जागेवर पडला पाहिजे, हा रेडीमिक्सचा नियम. रिटार्डर घालून वेळ वाढवता येतो. पण गाडी अडकली तर साइटवर पोचेपर्यंत माल घट्ट होणार आणि मग कोणीतरी ड्रममध्ये पाणी सोडणार, हे आधीच दिसत होतं. शिवाय गल्ली इतकी अरुंद की पंप लावायला जागा नव्हती. हा पर्याय पहिल्या चर्चेतच बाजूला पडला.

दुसरा पर्याय रात्रीचा. संध्याकाळी सातला सुरू करून पहाटे संपवायचं. काँक्रीटला गारवा मिळतो आणि सुरुवातीचे तास उन्हाविना जातात, हे खरं. पण दिवसभर तापलेली खडी संध्याकाळी सातलाही हाताला चटका देते, ती थंड व्हायला मध्यरात्र उजाडते. गवंड्यांचं फिनिशिंग मग पहाटेच्या झोपेत आणि हॅलोजनच्या सावल्यांत व्हायचं. स्लॅबच्या कडेला अंधार आणि थकलेली माणसं, हे गणित सुरक्षेच्या बाजूने कोणालाच पटलं नाही.

तिसरा पर्याय पहाटेचा, दोन मिक्सर घेऊन. रात्रभर गार झालेली खडी, साडेचारला सुरुवात, अकराच्या आसपास शेवट. तोटा असा की ताज्या स्लॅबचे पहिले काही तास नेमके दिवसातल्या सगळ्यात वाईट उन्हात जातात. म्हणजे झाकणं आणि भिजवणं हे काँक्रीट ओतण्याइतकंच मोठं काम ठरतं.

चौथा पर्याय आधीच ठरवून दोन दिवसांत दोन भाग करायचा. स्ट्रक्चरल इंजिनियरांचा त्याला विरोध नव्हता, फक्त सांधा कुठे घ्यायचा ते आपण सांगू असा त्यांचा आग्रह होता. मालकाला मात्र ‘जोडाचा स्लॅब’ नको होता. गावात तसा समजच आहे की स्लॅब एका दिवसात झाला तरच चांगला.

शेवटी तिसरा पर्याय घेतला, आणि त्याला चौथ्याचा एक तुकडा जोडला: काम थांबलंच तर कुठे थांबायचं, ती रेघ आधीच आखून ठेवायची. ही भर स्ट्रक्चरल इंजिनियरांची. त्या वेळी ती ठेकेदाराला कागदी वाटली होती.

सुधारलेल्या पत्रकात काय होतं

आणीबाणीच्या सांध्याची जागा तिसऱ्या गाळ्याच्या मधल्या तिहाईत, इमारतीच्या टोकापासून ९.४ मीटरवर धरली. गाळ्याच्या मध्याकडे शिअर, म्हणजे कातरणारा जोर, कमी असतो, आधाराजवळ सगळ्यात जास्त. म्हणून सांधा कधीही बीमच्या तोंडाशी घ्यायचा नाही. सळया सलग जातील अशा खाचा पाडलेल्या उभ्या फळ्या तयार करून त्या रेघेपाशीच ठेवायच्या होत्या. काँक्रीट उताराने मोकळं सोडायचं नाही, कारण उताराच्या पातळ टोकाला ना दगड राहतो ना ताकद.

पाण्याबद्दल पत्रक काटेकोर होतं. गोणीला २५ लिटर, खुणा केलेल्या डब्याने, आणि हे २५ लिटर धरताना वाळू-खडीच्या ओलीचं पाणी वजा करायचं. पाणी थंड करण्याचा हिशोबही साइट इंजिनियरने मांडून दाखवला. घनमीटरला सिमेंट ४०० किलो, वाळू-खडी साधारण १८५० किलो आणि पाणी २०० लिटर. वजनाच्या मानाने पाणी थोडं, पण उष्णता धरण्याची पाण्याची कुवत दगडाच्या साडेचार पट. त्यामुळे पाणी ३६ अंशांवरून २० वर आणलं की काँक्रीट साडेचार अंशांनी उतरतं. वाळू-खडीवर आदल्या रात्री पाणी मारून ती सहा अंशांनी उतरवली तर आणखी साडेतीन अंश. म्हणून टाकीवर बारदानाची सावली, ड्रममध्ये बर्फाच्या लाद्या आणि मिक्सरमध्ये बर्फाचा एकही तुकडा न जाऊ देण्याची सूचना. अर्धवट वितळलेला खडा काँक्रीटमध्ये नंतर वितळतो आणि तिथे पाण्याची पोकळी सोडतो. काँक्रीट जागेवर पडताना ३५ अंशांच्या आत ठेवायचं हे लक्ष्य होतं. उन्हाळी काँक्रीटच्या आयएस ७८६१ मध्ये ४० ची मर्यादा आहे, पण मर्यादेला टेकून काम करायचं नव्हतं.

सळईच्या तपासणीत सगळ्यात जास्त वेळ वरच्या जाळीवर गेला. खालच्या सळईला २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक लावले की लोक समाधानी होतात. आधारावरची वरची सळई मात्र मजुरांच्या पायाखाली दबते. १२५ च्या स्लॅबमध्ये वरची सळई जागेवर असेल तर तिची परिणामकारक खोली जवळपास १०० मिलिमीटर. ती ३० मिलिमीटरने खाली दबली तर त्या जागची वाक सोसण्याची ताकद ढोबळमानाने तीस टक्क्यांनी घटते. स्लॅबच्या वरच्या बाजूला, बीमच्या रेषेत दिसणाऱ्या पुष्कळ भेगांचं मूळ इथेच असतं. म्हणून मीटरभर अंतरावर सळईच्या खुर्च्या आणि त्यांच्यावरून घमेली नेण्यासाठी फळ्यांच्या वाटा, असं पत्रकात लिहून घेतलं. त्या वाटा जाळीवर टेकवायच्या नव्हत्या, खुर्च्यांवर टेकवायच्या होत्या. हा फरक मुकादमाला जागेवर नेऊन दाखवावा लागला.

खालच्या टेकूंचा मुद्दा काळ्या मातीमुळे आला. तळमजल्यावर अजून फरशी नव्हती, भराव होता आणि त्याखाली काळी माती. कोरडी असताना ती दगडासारखी, ओली झाली की लोणी. प्रत्येक टेकूखाली जाड फळी, विटांचे तुकडे घालून उंची जुळवायची नाही, आणि टेकूंना दोन्ही दिशांना आडवे-तिरपे बांध. काँक्रीट चालू असताना एक सेंट्रिंगवाला खाली बाजूला उभा राहून ताणलेल्या दोऱ्यांवर नजर ठेवणार. स्लॅबच्या थेट खाली कोणी थांबायचं नाही.

सुरक्षेत बाकी ठरलेल्या गोष्टी होत्या: तिन्ही उघड्या कडांना बांबूचं कठडं, लिफ्टवर माणूस चढणार नाही, व्हायब्रेटरच्या वायरीला ईएलसीबी, काँक्रीटमध्ये उतरणाऱ्यांना गमबूट, आणि दर तासाला पाणी व मीठ-साखर. शेवटची गोष्ट ठेकेदाराने हसण्यावारी नेली होती. पहाटे साडेचारपासून डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाईला नऊ वाजता चक्कर येते तेव्हा ती कठड्याजवळ असू शकते, एवढं सांगितल्यावर तो गप्प झाला.

स्लॅबच्या दिवशी

चारला दिवे लागले, साडेचारला पहिली खेप पडली. बीम आधी, मग स्लॅब, या क्रमाने काम पुढे सरकलं. पहिल्या तासात स्लम्प ८० ते ९० मिलिमीटर होता आणि काँक्रीटचं तापमान २९ अंश. गवंड्यांनी दोनदा “थोडं पातळ करा” अशी हाक दिली. मिक्सरवर उभ्या असलेल्या साइट इंजिनियरने पाणी न वाढवता प्लास्टिसायझरची मात्रा मर्यादेत थोडी वाढवली. नीडल दर चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर उभी घालून हळू बाहेर काढायची, तिने काँक्रीट ढकलत न्यायचं नाही, हे अधूनमधून सांगावं लागत होतं.

पावणेआठपर्यंत कड पहिल्या टोकापासून जवळपास आठ मीटरवर आली. म्हणजे तिसऱ्या ओळीचा बीम, जो साडेसात मीटरवर होता, तो नुकताच ओलांडला होता. तेवढ्यात दुसऱ्या मिक्सरच्या हॉपरची वायर तुटली. हॉपर अर्ध्यावरून खाली आपटला. सुदैवाने खाली कोणी नव्हतं, कारण हॉपरच्या खड्ड्याभोवती बांबू लावलेले होते. वायरीचे धागे तुटलेल्या जागी गंजून काळे पडलेले होते. ही वायर त्या दिवशी तुटली नव्हती, बरेच दिवस तुटत आली होती.

मुकादम वर आला आणि म्हणाला, “साहेब, आते काय करानं?”

निर्णयाची वेळ

पुढची दहा मिनिटं या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची होती. तीन मतं पुढे आली.

ठेकेदाराचं म्हणणं होतं की एका मिक्सरवर पुढे चालू ठेवू, दुपारपर्यंत होईल. मालकालाही तेच हवं होतं. पण उरलेले सात मीटर, मीटरला पन्नास मिनिटं, म्हणजे सहा तास. काम दोनपर्यंत गेलं असतं, शेवटचे तीन तास चाळीसच्या वर. पट्टी अरुंद घेतली तर कडेचा वेळ कमी होतो हे खरं. मीटरऐवजी चाळीस सेंटिमीटरची पट्टी घेतली की एका मिक्सरवरही वीस मिनिटांत नवं काँक्रीट कडेला पोचतं. मात्र अशी शिस्त दमलेल्या टोळीकडून सहा तास पाळून घेता येत नाही. आणि एकच मिक्सर उरला असताना तोही बिघडला तर कड जिथे असेल तिथेच मरणार होती.

साइट इंजिनियरचं पहिलं मत होतं की आहे तिथेच थांबू. ते घाईचं होतं. कड त्या वेळी बीमपासून अर्ध्या मीटरवर होती, जिथे शिअर जास्त असतो. तिथे सांधा घेणं म्हणजे सगळ्यात वाईट जागा निवडणं.

स्ट्रक्चरल इंजिनियर फोनवर होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “९.४ च्या रेघेपर्यंत किती माल लागेल?” हिशोब सोपा होता. दीड मीटरला तीन घनमीटर, म्हणजे एका मिक्सरवर सव्वा तास. तेवढा वेळ अरुंद पट्ट्या पाळणं शक्य होतं. निर्णय झाला: चाळीस-चाळीस सेंटिमीटरच्या पट्ट्यांनी रेघेपर्यंत जायचं, फळ्या लावायच्या आणि थांबायचं.

मालक नाराज झाले. “आप्पा, एवढे पैसे टाकतोय, जोड नको,” असं ते ठेकेदाराला म्हणाले. ठेकेदाराने त्यांना उत्तर न देता फळ्या उचलायला माणूस पाठवला. मला वाटतं, तयार फळ्या समोर नसत्या तर तो चालूच ठेवायला निघाला असता. थांबायला लागणारी वस्तू हाताशी असली की थांबणं सोपं जातं.

नऊनंतर थोड्याच वेळात काँक्रीट रेघेला टेकलं. फळ्यांच्या कडेने नीडल नीट फिरवून शेवटचा भाग भरला. बीममध्येही त्याच रेघेवर उभी फळी लावली.

लक्ष दुसरीकडे गेलं तेव्हा

मिक्सरच्या गडबडीत एक गोष्ट सुटली. पत्रकात होतं की काँक्रीटवर रंधा फिरून पाण्याची चकाकी गेली की लगेच प्लास्टिकचा कागद, आणि पाय ठेवण्याजोगं झाल्यावर ओलं बारदान. हे काम ज्या दोन मजूर बायांना दिलं होतं, त्यांनाच हॉपर आपटल्यावर खाली साफसफाईला बोलावून घेतलं गेलं. सात ते आठ मीटरमधली पट्टी पाऊण तास उघडी राहिली. वारा नेमका तेव्हाच सुटला होता.

साडेनऊच्या सुमारास त्या पट्टीवर एकमेकींना समांतर तिरप्या भेगा दिसल्या. लांबी तीस ते साठ सेंटिमीटर, कडेपर्यंत न पोचणाऱ्या. काँक्रीट ओलं असतानाच वरचं पाणी वाऱ्याने झपाट्याने उडतं, वरचा थर आक्रसतो आणि खालचा त्याच्याबरोबर आक्रसत नाही, त्यातून या भेगा येतात. त्या सळईच्या जाळीच्या रेषेत नसतात, यावरून त्या वेगळ्या ओळखता येतात. सळई वर राहिल्याने आणि काँक्रीट खाली बसल्याने येणाऱ्या भेगा नेमक्या सळईच्या वरून धावतात.

एका गवंड्याने त्यांच्यावर कोरडं सिमेंट भुरभुरायला सुरुवात केली. त्याला थांबवलं. त्याने भेग झाकते, बुजत नाही, आणि वर पापुद्रा येतो. काँक्रीट अजून दाबाला लवत होतं, म्हणून लाकडी रंध्याने जोर देऊन ठोकत ती पट्टी पुन्हा घासली. बहुतेक भेगा मिटल्या. काही ठिकाणी काँक्रीट ओढलेलं होतं, तिथे त्या राहिल्या. लगेच कागद टाकला, कडांना विटा ठेवल्या. कोणीतरी केळीची पानं आणू म्हणालं. शेजारच्या वाड्यात ती ढिगाने होती, पण त्या वाऱ्यात ती स्लॅबवर टिकली नसती.

दुसरा भाग

संध्याकाळी फळ्या अलगद काढल्या. काँक्रीट अजून कोवळं होतं, त्यामुळे तारेच्या ब्रशने तोंडावरची दुधाळ साय सहज निघाली आणि खडीचे दाणे उघडे पडले. दुसऱ्या दिवशी हेच काम छिन्नीने करावं लागलं असतं आणि कडा फुटल्या असत्या. सांध्याचं तोंड रात्रभर ओलं ठेवलं.

मिक्सरची वायर त्याच रात्री बदलली. पहिल्या भागाच्या एक दिवसाआड, पुन्हा पहाटे, उरलेला १२ घनमीटर भाग भरला. ओतण्याआधी सांध्याच्या तोंडावरचं साचलेलं पाणी पुसून, ते फक्त दमट ठेवून, घट्टसर सिमेंटची स्लरी लावली आणि ती वाळायच्या आत काँक्रीट टाकलं. हा भाग साडेसातच्या आत संपला.

ताकद तपासायच्या क्यूबची संख्या इथे बदलली. ३२ घनमीटर एका दमात भरलं असतं तर चार नमुने पुरले असते. दोन भाग झाल्याने पहिल्या २० घनमीटरचे तीन आणि दुसऱ्या १२ घनमीटरचे दोन, असे पाच घ्यावे लागले, प्रत्येकी तीन क्यूब. ठेकेदाराला ते जास्तीचं वाटलं, पण दोन वेगळ्या दिवसांचा माल एका निकालात मोजता येत नाही.

आखाजीला टोळी घरी गेली. पाणी मारायला मालकाचा नात्यातला एक मुलगा ठेवला आणि वाळूची आळी करून त्यात पाणी साठवलं. पीपीसी आणि उन्हाळा धरून क्युरिंग १४ दिवस. एक अडचण तिथेही आली: आळ्यांतलं पाणी एका कडेने सांडून खाली टेकूंच्या फळ्यांपाशी जाऊ लागलं. तिसऱ्या दिवशी ते लक्षात आलं. दोन फळ्या एका बाजूला बोटभर खचलेल्या होत्या. पाण्याची वाट बदलली, टेकू पाचर मारून पुन्हा घट्ट केले. काळ्या मातीवरच्या साइटवर क्युरिंगचं पाणी कुठे जातं हे पाहणं टेकूंच्या तपासणीतच धरायला हवं.

सातव्या दिवशी सेंट्रिंगवाला प्लेटा मागायला आला. स्लॅबचे गाळे साडेचार मीटरच्या आत असल्याने आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांनी काढता येतात. पण सिमेंट पीपीसी होतं, सुरुवातीला मंद गतीने ताकद घेणारं. स्ट्रक्चरल इंजिनियरांनी स्लॅबला १४ आणि बीमला २१ दिवस ठरवले, तेही दुसऱ्या भागाच्या दिवसापासून मोजून. सांध्याजवळचे टेकू सगळ्यात शेवटी. जास्तीच्या भाड्याचा वाद झाला. मालक आणि ठेकेदार यांनी ते भाडं निम्मं-निम्मं वाटून घेतलं.

निकाल

२८ दिवसांच्या क्यूबचे सगळे निकाल २० मेगापास्कलच्या वर आले. दुसऱ्या भागाचे थोडे सरस होते.

सेंट्रिंग काढल्यावर खाली सगळ्यांनी पहिल्यांदा सांधा पाहिला. तिथे एक सरळ, बारीक रेघ होती, हनीकोम्ब नव्हता. वर दोन दिवस पाणी साठवून ठेवलं तरी ती रेघ कोरडी राहिली. ओल दिसली ती सव्वासात मीटरच्या आसपास, उघड्या राहिलेल्या पट्टीत, एका भेगेखाली. वरच्या थरातली वाटणारी ती भेग एका ठिकाणी आरपार गेली होती. ज्या जोडाची मालकांना धास्ती होती तो टिकला आणि पाऊण तासाच्या उघडेपणाने गळती दिली.

स्ट्रक्चरल इंजिनियरांनी ती भेग वजन पेलण्याच्या दृष्टीने धोक्याची मानली नाही. ती कोरडी करून, तिच्यात हवेने धूळ उडवून, पातळ इपॉक्सी वरून मुरवलं. नंतरच्या पाणी-चाचणीत डाग आला नाही. हा मधला स्लॅब होता. गच्चीचा असता तर दुरुस्तीवर वेगळं वॉटरप्रूफिंगही करावं लागलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

मिक्सरची वायर हा मुद्दा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात आधी टाळता येण्याजोगा होता. पत्रकात ‘दोन मिक्सर’ असं लिहिलं होतं, दुसरा मिक्सर तपासून आणण्याबद्दल काहीच नव्हतं. आदल्या संध्याकाळी रिकाम्या हॉपरऐवजी भरलेल्या हॉपरने चार-पाच खेपा घेतल्या असत्या आणि वायरीवरून हात फिरवला असता तर तुटके धागे बोटाला टोचले असते. व्हायब्रेटरही तसेच पाण्याच्या बादलीत चालवून पाहायला हवे होते. त्या दिवशी ते चालले, एवढंच.

झाकणाऱ्या माणसांबद्दल माझं मत ठाम आहे. त्यांना दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही, मुकादमानेही नाही. बिघाड झाला की हातातली मोकळी दिसणारी माणसं तिकडे ओढली जातात, आणि झाकणारा माणूस नेहमीच मोकळा दिसतो. त्या पाऊण तासात कागद हातात घेऊन उभं राहणं हेच स्लॅबवरचं सगळ्यात महत्त्वाचं काम होतं.

स्लॅब आखाजीआधी टाकायचा हा निर्णय स्वतः चुकीचा होता का, यावर साइटवर नंतर बरीच चर्चा झाली. साइट इंजिनियरच्या मते सणानंतर, आधीच ठरवून दोन भागांत टाकला असता तर एवढी धावपळ झाली नसती. मला तसं वाटत नाही. सणानंतरचा पंधरवडा आणखी तापतो आणि रिकाम्या सेंट्रिंगवर उघडी पडलेली सळई तितके दिवस चिपाडासारखी तापत, धूळ खात राहिली असती. मात्र दोन भागांची योजना पहिल्यापासून असती तर दुसरा मिक्सर हा आधार झाला असता, गरज नव्हे, आणि मालकाशी जोडाबद्दल बोलणं आदल्या आठवड्यात झालं असतं, काँक्रीट ओढत असताना नव्हे.

वरच्या मजल्याचा स्लॅब दिवाळीनंतर टाकायचा ठरला. त्याच्या पत्रकात ठेकेदाराने स्वतः दोन ओळी घातल्या: मिक्सरची भरलेल्या हॉपरने आदल्या दिवशी चाचणी, आणि झाकणाऱ्या दोघींची नावं, त्यांच्यापुढे ‘इतर काम नाही’. सांध्याची जागा मात्र तो पहिल्या मसुद्यात विसरूनच गेला होता. ती स्ट्रक्चरल इंजिनियरांनी लाल पेनने आखून परत पाठवली.